एकाच १८ ग्रॅम पुडीतून रिस्ट्रेटो, नॉर्माले आणि लुंगो: पाणी, दळण आणि चव यांचा हिशेब

रिस्ट्रेटो, नॉर्माले आणि लुंगो या एस्प्रेसोच्या तिन्ही शॉटमध्ये कॉफीची पूड तेवढीच असते, दाब तोच असतो आणि तापमानही जवळपास तेच. त्या पुडीतून किती पाणी जाऊ द्यायचं, एवढंच बदलतं. रिस्ट्रेटोत कमी, लुंगोत जास्त आणि नॉर्माले मधला. इटलीत काउंटरवर नुसती ‘कॉफी’ मागितली की हाच नॉर्माले समोर येतो. हे ऐकायला इतकं सोपं वाटतं, की कप लवकर बाजूला घेतला की झाला रिस्ट्रेटो आणि उशिरापर्यंत ठेवला की झाला लुंगो, असंच बहुतेक जण धरून चालतात. तसं केलं तर पहिला आंबट लागतो आणि दुसरा कडू-तुरट, आणि दोष बिचाऱ्या कॉफीला जातो. खरी गोष्ट अशी, की पाणी बदललं की दळणही बदलावं लागतं. ते कधी, किती आणि का, हे एकाच कॉफीवर तिन्ही शॉट बसवत पाहू.

उदाहरणासाठी चिकमगळूरची मध्यम भाजलेली अरेबिका घेतली आहे, भाजून दहा-बारा दिवस झालेली. सांगली-साताऱ्यात कुरियरने मागवलेली कॉफी हातात पडेपर्यंत चार-पाच दिवस जातातच. त्यानंतर आणखी आठवडाभर पाकीट बंद ठेवलं तर दाण्यातला जास्तीचा कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि शॉट स्थिर येतात. चिकोरी मिसळलेली फिल्टर कॉफीची पावडर या कामाला चालत नाही. चिकोरी पाण्यात कॉफीपेक्षा सहज विरघळते, त्यामुळे कपात आलेला घट्टपणा कॉफीचा की चिकोरीचा, हे कळायला मार्गच राहत नाही.

मिली नको, ग्रॅम मोजा

जुना इटालियन हिशेब मिलीलिटरमध्ये आहे. इस्तितुतो नाझिओनाले एस्प्रेसो इटालियानो या संस्थेचा निकष असा: ७ ग्रॅम पूड, सुमारे २५ सेकंद, आणि कपात क्रेमा धरून २५ मिली. यातला ‘क्रेमा धरून’ हा भाग फार महत्त्वाचा आहे. क्रेमा म्हणजे शॉटवरचा फेस, म्हणजे बराचसा वायूच. ताज्या कॉफीत तो जास्त, जुन्या कॉफीत कमी. म्हणून खुणेच्या ग्लासात ताज्या कॉफीचा शॉट ५० मिलीच्या रेषेला टेकलेला दिसतो आणि वजन केलं तर जेमतेम ३६ ग्रॅम भरतं. दोन मिनिटं ठेवलं की पातळी आपोआप खाली येते. रेषा बघून शॉट थांबवणाऱ्याचा पहिल्या आठवड्यातला रिस्ट्रेटो आणि महिन्याभरानंतरचा रिस्ट्रेटो या दोन वेगळ्या कॉफ्या असतात.

वजनाला हा त्रास नाही. सराफाकडे असतो तसा ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. फक्त तो मशीनच्या ट्रेवर कपाखाली बसायला हवा, म्हणून घेण्याआधी ट्रे आणि नळी यांच्यातली उंची मोजून ठेवा. काटा भिजू नये म्हणून त्यावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी ताणून बसवली तरी वजनात फरक पडत नाही, शून्यावर आणून घेतलं की झालं.

आता प्रमाण. पुडीच्या वजनाच्या दीडपटीपर्यंत कॉफी कपात आली तर तो रिस्ट्रेटो, दुपटीच्या आसपास नॉर्माले आणि तिप्पट ते चौपट म्हणजे लुंगो. १८ ग्रॅम पुडीला आपण २४, ३६ आणि ६० ग्रॅम हे तीन मुक्काम धरू. हे कपातलं वजन झालं. मशीनमधून त्याहून जास्त पाणी निघतं, कारण पुडीची दाबलेली चकती स्वतःच्या वजनाइतकं किंवा थोडं जास्तच पाणी धरून ठेवते. १८ ग्रॅमची चकती सुमारे २० ग्रॅम पाणी पिते. म्हणजे रिस्ट्रेटोला पंपातून अंदाजे ४५, नॉर्मालेला ५५ ते ६० आणि लुंगोला ८० ग्रॅम पाणी जातं. ज्या मशीनवर बटण दाबलं की शॉट आपोआप थांबतो, ते मशीन आत गेलेलं पाणी मोजतं, बाहेर आलेली कॉफी नाही. म्हणून बटणावर ‘४५’ लावलं आणि कपात २५ च आले, तर मशीन बिघडलेलं नाही.

एक शॉट, सहा छोटे ग्लास

तिन्ही शॉटमधला फरक समजून घेण्याचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे एक लांब शॉट तुकड्यातुकड्याने पकडून चाखणं. सहा छोटे ग्लास ओळीने मांडा. १८ ग्रॅमचा नेहमीचा शॉट सुरू करा आणि काट्यावर दर १० ग्रॅम झाले की ग्लास बदला. काटा हाताळायला अवघड जात असेल तर पहिला थेंब पडल्यापासून दर पाच-सहा सेकंदांनी बदला, अंदाजाने चालेल. दोघं असाल तर एकाने ग्लास सरकवावेत आणि दुसऱ्याने आकडा बघावा.

पहिला ग्लास गडद तपकिरी आणि दाट. तोंडात घेतला तर आंबट, किंचित खारट आणि इतका तीव्र, की चव वेगळी काढता येत नाही. दुसऱ्यात आंबटपणा असतोच, पण त्याखालून गोडी जाणवायला लागते. तिसऱ्यापर्यंत रंग उजळतो, अंग पातळ होतं, आणि एकट्याने पिण्यासारखा ग्लास बहुधा हाच निघतो. चौथा काळ्या चहाच्या जवळ जातो, कडवट टोक स्पष्ट होतं. पाचवा आणि सहावा फिक्या पिवळट रंगाचे, पाणचट. त्यांत वास जवळपास नाही आणि गिळल्यावर जिभेला कोरड पडते.

हे असं का होतं? आम्ल आणि क्षार पाण्यात चटकन विरघळतात, म्हणून ते आधी येतात. गोडी आणि चॉकलेटकडे झुकणारी चव मधल्या टप्प्यात जास्त जाणवते. कडू आणि तुरट घटक सावकाश सुटतात, म्हणून शेवटी त्यांचंच राज्य असतं. भाजलेल्या कॉफीच्या वजनापैकी फार तर ३० टक्क्यांच्या आसपास भाग पाण्यात विरघळू शकतो. पुडीच्या वजनाच्या १८ ते २२ टक्के भाग उतरला की चव सहसा तोल साधते.

आता पहिले दोन ग्लास आणि तिसऱ्यातला थोडा भाग एकत्र करा: हा झाला रिस्ट्रेटो. पहिले साडेतीन एकत्र केले की नॉर्माले, आणि सहाही एकत्र केले की लुंगो. इथे एक गोष्ट हमखास लक्षात येते. चौथा ग्लास एकटा प्यायला तर आवडत नाही, पण त्यातला निम्मा भाग नॉर्मालेत गेला नाही, तर पहिल्या ग्लासाचा आंबटपणा आवरायला कोणी उरत नाही. शॉट कुठे थांबवायचा, हा प्रश्न म्हणजे पुढच्या आंबटाला मागच्या कडवटाची किती जोड द्यायची, हा प्रश्न आहे.

यातूनच एक मोठा गैरसमज सुटतो. रिस्ट्रेटो घट्ट असतो, म्हणून त्यात जास्त अर्क उतरला आहे असं वाटतं. प्रत्यक्षात उलट आहे. नमुन्याला आकडे घ्या. २४ ग्रॅम रिस्ट्रेटोत विरघळलेला भाग १२.५ टक्के असेल तर कपात ३ ग्रॅम कॉफी आली, म्हणजे १८ ग्रॅम पुडीतली जवळपास १७ टक्के. ३६ ग्रॅम नॉर्मालेत ९.५ टक्के धरला तर ३.४ ग्रॅम, म्हणजे १९ टक्के. ६० ग्रॅम लुंगोत तो ६.४ टक्क्यांवर आला तरी ३.८ ग्रॅम होतात, म्हणजे २१ टक्के. कपातला घट्टपणा खाली जात असताना पुडीतून निघालेला माल वर जातोय. कॅफीनचंही तेच. ते लवकर उतरतं, त्यामुळे तिन्हींत फार मोठा फरक नसतो, पण थोडं जास्त असतं ते लुंगोत. रिस्ट्रेटो ‘कडक’ लागतो तो चवीला.

घरच्या आरओचं पाणी तपासायचा टीडीएस मीटर कॉफीत बुडवून हे आकडे मिळत नाहीत. तो पाण्यातल्या क्षारांची विद्युतवाहकता मोजतो. कॉफीसाठी रिफ्रॅक्टोमीटर लागतो, आणि घरी त्याच्यावाचून काही अडत नाही. जीभ आणि काटा पुरतात.

आधी नॉर्माले बसवा

तिन्हींची सुरुवात नॉर्मालेपासून करा. तो बसला की बाकीचे दोघं त्याच्यापासून किती अंतरावर आहेत ते कळतं.

मशीन सुरू करून पोर्टाफिल्टर, म्हणजे पूड भरायचा दांड्याचा भाग, जागेवर लावून २० ते ३० मिनिटं तापू द्या. दिवा हिरवा झाला म्हणजे पाणी तापलं, जाड पितळेचा पोर्टाफिल्टर तापायला वेळ लागतो. तो गार असेल तर पहिला शॉट नेहमी जास्त आंबट येतो आणि मग आपण उगाच दळण बारीक करत बसतो.

पोर्टाफिल्टरमधल्या १८ ग्रॅमच्या, एकेरी भिंतीच्या बास्केटमध्ये, म्हणजे भोकांच्या वाटीत, बरोबर १८.० ग्रॅम पूड घ्या. बुचात खोचलेल्या तीन-चार बारीक सुयांनी ती तळापासून ढवळा, गुठळ्या फोडा आणि सपाट करा. मग टॅम्परने सरळ खाली दाबा. जोर किती, याची फार चिंता नको. पूड आणखी दबेनाशी झाली की पुरे. टॅम्पर तिरका मात्र जाऊ देऊ नका. चकती एका बाजूला पातळ राहिली तर पाणी तिथूनच पळतं.

पंप सुरू करताच वेळ मोजायला लागा. पहिला थेंब ६ ते ८ सेकंदांत दिसावा, आणि ३६ ग्रॅम २५ ते ३० सेकंदांत. आपल्या उदाहरणात २८ सेकंद धरू. काट्यावर ३४ दिसले की पंप बंद करा, नळीत राहिलेले दोनेक ग्रॅम मागून पडतातच. कॉफी चमच्याने तळापासून ढवळा. आधी आलेला दाट भाग तळाशी बसतो आणि वर पातळ राहतो, न ढवळता घेतलेला पहिला घोट शॉटबद्दल चुकीचं सांगतो. एक-दोन मिनिटं निवू द्या. फार गरम कॉफीत आंबट आणि गोड, दोन्ही नीट कळत नाही.

चव आंबट, पातळ आणि घशात लगेच संपणारी असेल तर दळण ग्राइंडरवरच्या एका खुणेने बारीक करा. कडू असेल, जीभ कोरडी पडत असेल, तर एक खूण जाड. दळण बदललं की पहिली ३ ते ५ ग्रॅम पूड दळून टाकून द्या. ग्राइंडरच्या आत आधीच्या दळणाची पूड अडकलेली असते, ती नव्यात मिसळली तर तुम्ही कुठल्या खुणेची चव घेताय तेच कळत नाही. हे टाळूनच बरेच जण दोन-दोन दिवस एकाच चुकीभोवती फिरतात.

रिस्ट्रेटो: थांबवू नका, आवळा

नॉर्मालेच्याच दळणावर शॉट २४ ग्रॅमला थांबवला, तर घड्याळात २१-२२ सेकंद झालेले असतात. हा झाला नुसता कापलेला शॉट. सहा ग्लासांच्या प्रयोगातले पहिले दोन आणि थोडा तिसरा, एवढंच त्यात आहे. मध्यम भाजलेल्या अरेबिकात तो धारदार आंबट लागतो आणि गोडी मागे राहते.

खरा रिस्ट्रेटो दळण बारीक करून होतो, म्हणजे तेवढेच २४ ग्रॅम यायला नॉर्मालेइतकाच, २७ ते ३० सेकंदांचा वेळ लागतो. बारीक दळणात कणांचा पृष्ठभाग वाढतो आणि पाणी पुडीत जास्त वेळ राहतं. पाणी कमी असूनही त्यातल्या प्रत्येक ग्रॅमला जास्त काम करता येतं, त्यामुळे मधल्या टप्प्यातली गोडी लवकर खेचली जाते. धार काकवीसारखी जाड आणि सावकाश पडायला हवी, रंग शेवटपर्यंत गडद. ती फिकी पडायच्या आत आपला शॉट संपलेला असतो.

यासाठी बहुतेक ग्राइंडरवर एक ते दोन लहान खुणा पुरतात. एकदम चार खुणा बारीक केल्या की मशीन कोंडतं. त्याची लक्षणं ओळखायला शिका. पंपाचा आवाज जड होतो, १२-१५ सेकंद काहीच येत नाही, मग थेंब थेंब पडतं, आणि मधेच एका बाजूने फिकी, पातळ चिळकांडी सुटते. दाबाने चकतीत भोक पाडलेलं असतं. तिथून पाणी धावतं, त्या वाटेवरची पूड गरजेपेक्षा जास्त निथळते आणि बाकीची कोरडी राहते. म्हणून अशा कपात आंबट आणि कडू दोन्ही एकदम लागतं. पोर्टाफिल्टर काढून चकती बघा: टाचणीएवढं भोक किंवा कडेला ओला फिका डाग असेल तर खात्री झाली. उपाय एक खूण जाड आणि सुयांनी नीट ढवळणं हाच, आणखी जोरात दाबणं नव्हे.

ग्राइंडर पुरेसं बारीक दळतच नसेल तर पूड अर्धा ते एक ग्रॅम वाढवा आणि कपातलं वजनही त्या प्रमाणात वाढवा. त्यापलीकडे जाऊ नका. फुगलेली चकती वरच्या जाळीला टेकली की तिथून तुटते.

लुंगो: इथेच सगळ्यात जास्त बिघडतं

लुंगो बदनाम झाला आहे आणि त्याला कारण आहे. नॉर्मालेच्या दळणावर पंप तसाच चालू ठेवला तर ६० ग्रॅम व्हायला ३८ ते ४० सेकंद लागतात. शेवटची २४ ग्रॅम म्हणजे प्रयोगातले उरलेले ग्लास: फिके, कडवट, कोरडे. पूड आधीच निथळलेली असते, आणि आपण तिच्यातून आणखी गरम पाणी दाबत राहतो.

लुंगोसाठी दळण जाड करा, इतकं की ६० ग्रॅम ३० ते ३३ सेकंदांत यावेत. म्हणजे आपल्या नॉर्मालेपासून दोन-तीन लहान खुणा. पाणी आता वेगाने जातं, कण मोठे असल्याने त्यांच्या पोटातलं कडवट सुटायला कमी वेळ मिळतो, आणि पाणी भरपूर असल्यामुळे अर्क पूर्ण उतरतोच. चांगला लुंगो पातळ असतो, पण पाणचट नसतो. नॉर्मालेत एकमेकांवर चढलेल्या चवी इथे सुट्या होतात. फुलाचा किंवा फळाचा वास असलेली हलकी भाजलेली कॉफी याच प्रमाणात सगळ्यात स्पष्ट बोलते. अशा कॉफीचे दाणे टणक असतात, अर्क सोडायला पाणी जास्त मागतात. रिस्ट्रेटोत त्या फक्त आंबट लागतात.

लुंगोची धार सुरुवातीला जाड आणि मग हळूहळू फिकी होत जाणार, त्यात काही चूक नाही. रंगापेक्षा चवीवर जा. ६० ग्रॅमला कोरड जाणवली तर आधी ५२-५४ ला थांबवून बघा. तेवढ्याने भागलं नाही तर दळण जाड करा. तापमान बदलता येणारं मशीन असेल तर एक-दोन अंश कमी केल्यानेही शेवटचा कडवटपणा नरम पडतो.

गडद भाजलेली, रोबस्टा मिसळलेली कॉफी मात्र लुंगो करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. गडद भाजल्याने दाणा ठिसूळ होतो, अर्क पटकन सोडतो, आणि दुपटीच्या पुढचं पाणी त्यातून बहुतांशी कडवटच आणतं. लांब कप हवा असेल तर अशा कॉफीचा रिस्ट्रेटो किंवा नॉर्माले काढून त्यात वरून गरम पाणी घाला. कपात द्रव तेवढाच दिसतो, पण हे पाणी पुडीतून गेलेलं नसतं, त्यामुळे शेवटचे ग्लास कपात येतच नाहीत.

तिन्ही सारखेच लागत असतील तर

इतकं सगळं करून तिन्ही कपांत फरकच कळत नसेल, तर बास्केट उलटून बघा. खालच्या बाजूला शेकडो भोकांऐवजी मधोमध एकच बारीक भोक दिसलं, तर ते दुहेरी भिंतीचं बास्केट आहे. ‘१५ बार’ लिहिलेल्या बऱ्याच घरगुती मशीनबरोबर हेच येतं. त्यात पाण्याला अडवायचं काम ते भोक करतं, पूड नाही. म्हणून दळण दोन खुणा इकडेतिकडे झालं तरी वेळ फारसा बदलत नाही आणि क्रेमा कायम भरघोस दिसतो. तयार पूड वापरणाऱ्याला ते सोयीचं आहे, पण दळणावर आधारलेली ही तुलना त्याच्यावर होऊच शकत नाही. त्याच मापाचं एकेरी भिंतीचं बास्केट वेगळं मिळतं. पोर्टाफिल्टरचा व्यास ५१, ५४ की ५८ मिलिमीटर, ते आधी मोजून मागवा.

दुसरं कारण पाणी. सांगली-मिरज भागात बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड आणि खारवट असतं. ते कॉफीतली आम्लं मारून टाकतं, म्हणून तिन्ही शॉट सपाट आणि एकसारखे लागतात. शिवाय बॉयलरमध्ये पांढरा थर चढतो. आरओचं पाणी थेट वापरावं तर २०-३० टीडीएसचं पाणी दुसऱ्या टोकाला जातं. त्यात आम्ल उघडं पडतं, रिस्ट्रेटो बोचतो, आणि काही मशीनमधला पाण्याची पातळी ओळखणारा सेन्सर इतक्या शुद्ध पाण्यात कामच करत नाही. साधा तोडगा म्हणजे आरओच्या पाण्यात थोडं गाळलेलं नळाचं पाणी मिसळून मीटरवर १०० ते १५० आणणं. एकदा प्रमाण ठरलं की त्याच पाण्यावर तिन्ही शॉट काढा.

तिसरं कारण ऋतू आणि वीज. पावसाळ्यात, विशेषतः साताऱ्याच्या पश्चिम भागात, उघडे दाणे दमट हवा ओढून घेतात आणि कालचा २८ सेकंदांचा शॉट आज वेगळाच वेळ दाखवतो. दाणे ग्राइंडरच्या वरच्या हॉपरमध्ये भरून ठेवू नका, प्रत्येक शॉटला १८ ग्रॅम मोजून टाका आणि बाकीचे डब्यात बंद ठेवा. व्होल्टेज पडलं की छोट्या मशीनच्या व्हायब्रेशन पंपाचा जोर कमी होतो. संध्याकाळी गावात लोड वाढल्यावर शॉट अचानक सावकाश येऊ लागला, तर दळणाला हात लावण्याआधी मीटर नाही तर निदान दिवे बघा. दिवे मंद असतील तर दोष ग्राइंडरचा नाही.

दुधात कोणता

म्हशीचं दूध घट्ट असतं, त्यात स्निग्धांश साधारण ६ टक्क्यांच्या पुढे असतो, आणि स्निग्धांश कॉफीची धार बोथट करतो. अशा १०० ते १२० मिली दुधात रिस्ट्रेटो फार छान बसतो. त्याचा घट्टपणा दुधाला पुरून उरतो, शेवटचा कडवटपणा त्यात आलेलाच नसतो, आणि उरलेला आंबटपणा दुधाच्या गोडीत झाकला जातो. साखर घालणाऱ्यालाही नेहमीपेक्षा कमी लागते. दूध १५० मिलीच्या वर गेलं तर नॉर्माले घ्या, कारण तेवढ्या दुधात २४ ग्रॅमचा शॉट मागे पडतो. गायीच्या पातळ दुधात मात्र तोच रिस्ट्रेटो थोडा आंबट जाणवू शकतो, तिथे २४ ऐवजी २८ ग्रॅमपर्यंत शॉट जाऊ द्या.

लुंगो दुधात घालू नका. त्याच्या सुट्या झालेल्या चवी पहिल्या चमचाभर दुधातच बुडतात आणि उरतं ते कॉफीच्या रंगाचं पातळ दूध. तो काळाच प्या, १०० मिलीच्या आसपासच्या कपात, ढवळून, आणि पहिला घोट घ्यायच्या आधी तीन-चार मिनिटं निवू द्या. लुंगोची गोडी कोमट झाल्यावर वर येते.